परत बोलावलंय

तिचं खरं नाव शिकाऊ बायकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या तिला क्लचताई म्हणायच्या. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती बायकांना गाडी शिकवायची. शेजारच्या सीटवर बसून ती "क्लच! अगं बाई, क्लच!" असं ओरडली, की शिकणारीचा पाय पडायच्या आधी रस्त्याकडेचा भाजीवाला दचकायचा. पण तिच्या हाताखालून गेलेली बाई गाडी चालवायला घाबरायची नाही, एवढं मात्र खरं.

बायकांच्या कॅन्सर तपासणीच्या शिबिरात ती स्वतःहून गेलीच नव्हती. तिच्याकडे शिकणाऱ्या दोन मैत्रिणींना तिथे जायचं होतं आणि दोघींनीच गाडी न्यायची त्यांची छाती होत नव्हती. म्हणून ती सोबत गेली, दोघींना आत सोडलं आणि सभागृहाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. अंगणात मॅमोग्राफीची मोठी गाडी उभी होती. तिचा ड्रायव्हर गाडी मागे घेताना किती वेडीवाकडी घेतो ते ती बघत होती, तेवढ्यात शिबिरातल्या सिस्टरने तिला हटकलं.

"तुमचं वय काय हो ताई?"

"बावन्न. का?"

"मग बाहेर काय करताय? आत चला."

"मला काही होत नाहीये."

"होत नसतानाच करायची असते ही तपासणी. होत असेल तर दवाखान्यात जायचं असतं."

ती खुर्ची मागे सारून आत गेली. आधी पॅप स्मिअर झाला. ती पडद्याआड आडवी झाल्यावर सिस्टरने पेशी घ्यायला गर्भाशयाच्या तोंडाशी एक छोटा मऊ ब्रश फिरवला. नीट अवघडायच्या आतच ते संपलं होतं. मॅमोग्रामला मात्र तिने चांगलंच तोंड वाकडं केलं. दोन पाट्यांमध्ये छाती दाबून धरायची आणि श्वास रोखायचा. "गाडीच्या दारात सापडल्यासारखं वाटलं गं," असं तिने परतताना दोघींना सांगितलं, आणि तिघी एवढ्या हसल्या की पुढच्या चौकात गाडी बंद पडली.

काही दिवसांनी फोन आला तेव्हाही ती गाडीतच होती. शिकणारीने सिग्नलला गाडी बंद पाडली होती आणि मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता.

"शिबिरातून बोलतेय," सिस्टर म्हणाली. "तुमच्या मॅमोग्राममध्ये डाव्या बाजूला काहीतरी दिसतंय. परत बोलावलंय. बुधवारी हॉस्पिटलला या, आणखी फोटो काढावे लागतील. घाबरू नका हं."

पुढचं काही ऐकू आलं नाही. हॉर्नच्या गोंगाटात सिस्टर अजून काहीतरी सांगत होती, पण क्लचताईच्या कानात दोनच गोष्टी शिरल्या, "दिसतंय" आणि "घाबरू नका". घाबरू नका असं माणूस कधी म्हणतं, हे काय तिला कळत नव्हतं? दिवसभर तीच तर म्हणायची ते.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, स्वभावाने गरीब आणि काळजीखोर. मुलगा परगावी नोकरीला गेला तेव्हा हा स्टेशनवरून घरी येऊन तापाने फणफणला होता. त्याने तिचं पूर्ण ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती. मग त्याने बहिणीला फोन केला.

नणंद दुसऱ्या दिवशी बॅग घेऊनच हजर झाली. मग मुलाचा फोन आला, सुट्टी काढतो म्हणाला. धाकटी जाऊ आली. खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. जो तो ओळखीतल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगायचा आणि मध्येच क्लचताईकडे बघून विषय बदलायचा. नणंदेने तर घराचा ताबाच घेतला. "वहिनी, तू बस. तू हात लावू नकोस." जन्मात कधी शेजारच्या सीटवर स्वस्थ न बसलेली बाई स्वतःच्या घरात पाहुणीसारखी बसून राहिली. न्हाणीघरात ती छाती चाचपून बघायची. कधी वाटायचं काहीतरी लागतंय, कधी वाटायचं काहीच नाही. आरशात मात्र तिने बघायचं सोडलं.

बुधवारी हॉस्पिटलात तिला थेट मशीनवर नेलं नाही. शिबिर घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी दोघांना आपल्या खोलीत बसवलं. बाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या, आवाज बारीक, चष्मा सतत कपाळावर. त्यांनी तिच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "फोनवर काय सांगितलं तुम्हाला?"

"काहीतरी दिसतंय म्हणून."

"आणि तुम्ही काय ऐकलंत?"

क्लचताईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खाली मान घातली.

"बरं. आता मी काय सांगते ते ऐका, आणि कळलं नाही तर मध्येच थांबवा." डॉक्टरीणबाईंनी संगणकाच्या पडद्यावर करड्या रंगाचं चित्र आणलं. "मॅमोग्राम म्हणजे छातीचा सपाट फोटो. आत एकावर एक थर असतात, ते दाबून एका कागदावर आणायचे. दोन थर एकमेकांवर आले तर सावली पडल्यासारखी दिसते. पाण्याची साधी गाठ असली तरी तशीच दिसते. कॅन्सर असला तर तोही कधीकधी असाच दिसतो. या एका फोटोवरून काय आहे ते सांगता येत नाही, एवढंच आमच्या अहवालात लिहिलंय. कॅन्सर आहे असं नाही लिहिलेलं. 'तपासणी अपुरी, आणखी बघा' असं लिहिलंय."

"म्हणजे असूही शकतो," नवरा म्हणाला.

"असू शकतो. खोटं नाही सांगणार. पण शंभर बायकांचा मॅमोग्राम काढला, तर त्यातल्या दहाएक जणींना आम्ही असं परत बोलावतो. आणि त्या दहा जणींत कॅन्सर निघतो तो फार तर एखादीला, पुष्कळदा एकीलाही नाही. यांचा हा पहिलाच मॅमोग्राम आहे. जुना फोटो ताडून बघायला असता, तर कदाचित बोलावलंही नसतं."

"मग बाकीच्या जणींना उगाच घाबरवता?" क्लचताईने विचारलं. पहिल्यांदाच तिचा नेहमीचा आवाज फुटला होता.

"घाबरवतो, खरं आहे. त्याला आम्ही चुकीचा इशारा म्हणतो. कमी बायकांना बोलावलं तर घाबरणाऱ्या कमी होतील, पण जिच्यात खरंच काही आहे ती निसटेल. त्यापेक्षा थोड्या जास्त जणींना बोलावलेलं बरं, असं ठरलंय. पण त्याची किंमत तुम्ही मोजता, आम्ही नाही. हेही मला माहितीये."

त्या दिवशी डाव्या बाजूचे आणखी फोटो निघाले, त्याच जागेवर छोटी पाटी दाबून. मग सोनोग्राफी झाली. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरने जेल लावून बराच वेळ यंत्राचा दांडा फिरवला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून पडद्यावरचा एक काळा, गुळगुळीत कडांचा ठिपका दाखवला. पाण्याची गाठ. साधी. सुई घालायचीही गरज नव्हती.

नवरा जिन्यातच खाली बसला आणि रडला. लोक बाजूने जात होते, पण त्याला कशाचं भान नव्हतं. क्लचताई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला मात्र रडूच येत नव्हतं. आपल्याला कुणीतरी फसवलंय, असं आतून उगाच वाटत होतं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मॅमोग्राम ठरावीक वर्षांनी करत राहायचा. आणि मध्येच कधी हाताला गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी वाटली, तर फोटो चांगला आला होता म्हणून बसून राहायचं नाही, लगेच यायचं. कारण फोटोत सगळंच दिसतं असं नाही. तिसरीही एक गोष्ट त्या म्हणाल्या होत्या, पॅपचा अहवाल प्रयोगशाळेतून अजून यायचाय म्हणून. पण तोवर नवरा जिन्याकडे धावला होता आणि ती त्याच्या मागे.

घरी आल्यावर आनंदीआनंद झाला आणि तो दोनच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी नणंद बॅग भरता भरता म्हणाली, "वहिनी, पुढच्या वेळी नक्की कळल्यावरच सांग हं बाई. माझं तर रक्तच आटलं." ती वाईट मनाने म्हणाली नव्हती. जावेने फोनवर म्हटलं, "पाण्याची गाठ काय गं, प्रत्येकीला असते." मुलगा हसत म्हणाला, "आई, तुला क्लचचा आवाजही इंजिन गेल्यासारखा वाटतो." खालच्या काकूंनी जिन्यात अडवून पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की नाही ना? मग केस वगैरे नाही ना जाणार?" ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर शिकाऊ बायकांनी तिच्याकडे पेढे मागितले. ती हसली, पण तिच्या मनात काहीतरी घट्ट बसलं. आपल्यापायी दहा माणसं जेवली नाहीत, झोपली नाहीत, आणि निघालं काय, पाणी.

म्हणून पुढचा फोन आला तेव्हा ती न घाबरायच्या तयारीतच होती.

"ताई, तुमच्या पॅप स्मिअरमध्ये पेशींत बदल दिसलाय," सिस्टर म्हणाली. या वेळी ती सावकाश बोलत होती. "कोल्पोस्कोपी नावाची, भिंगातून बघायची तपासणी करावी लागेल. डॉक्टर भेटून सगळं समजावून सांगणार आहेत. कधी याल?"

"येते," क्लचताई म्हणाली. "सवडीने येते."

ती गेली नाही. पुन्हा फोन आला, तेव्हा शिकवणी चालू आहे म्हणून तिने ठेवून दिला. त्यानंतरचा उचललाच नाही. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. तो आता कुठे रात्रीचा नीट झोपू लागला होता.

एके दुपारी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात डॉक्टरीणबाई उभ्या दिसल्या. कपाळावर चष्मा, हातात छत्री. कचेरीत दोन शिकाऊ बायका आणि फी भरायला आलेली बापलेकीची एक जोडी होती. क्लचताईचा चेहरा उतरला.

"नवीन ॲडमिशन का?" टेबलामागच्या मालकाने विचारलं.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांच्याशी जरा बोलायचं होतं."

क्लचताईने किल्ली उचलली. "चला. गाडीत बसून बोलू."

शिकवण्याची गाडी मागच्या गल्लीत, गॅरेजच्या भिंतीला लागून उभी होती. क्लचताई सवयीने शेजारच्या सीटवर बसली, त्यामुळे डॉक्टरीणबाईंना स्टिअरिंगमागे बसावं लागलं. त्यांनी पाय आखडून घेतले.

"मला गाडी येत नाही हं. चुकून काही दाबलं तर?"

"माझ्याही बाजूला ब्रेक आहे," क्लचताई म्हणाली. "तुम्ही बोला. तुम्ही इतक्या लांब आलात म्हणजे बरंच काहीतरी असणार."

"तुम्ही फोन का उचलत नाही?"

क्लचताईने समोर बघितलं. "बाई, राग मानू नका. पण गाडीचा दिवा एकदा उगाच लागला, तर दुसऱ्यांदा लागल्यावर माणूस म्हणतं, दिवाच बिघडलाय. तुमचं तसंच झालंय. मागच्या वेळी माझ्या घरी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. नवरा निम्मा झाला. नणंद राहायला आली. आणि नंतर सगळ्यांना वाटलं, मीच बाऊ केला. आता परत तो तमाशा करायची माझ्यात ताकद नाही."

डॉक्टरीणबाईंनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाल्या, "दिव्याचं बरोबर आहे तुमचं. पण मागच्या वेळी लागला तो एका गाडीचा दिवा होता. हा दुसऱ्याच गाडीचा आहे."

"म्हणजे?"

"छातीची तपासणी वेगळी, ही वेगळी. छातीत पाणी निघालं, त्यावरून गर्भाशयाच्या तोंडाशी काय आहे ते कळत नाही. आणि दोन्ही इशारे सारखे नसतात. पॅपमध्येही चुकीचे इशारे असतात, भरपूर असतात. कुणाच्या अहवालात 'किरकोळ बदल, नक्की सांगता येत नाही' असं येतं. त्यातल्या बऱ्याच जणींचं आपोआप बरं होतं. आम्ही आणखी एक तपासणी करतो, नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा बघतो. तुमचा अहवाल तसा असता तर मी छत्री घेऊन इथवर आले नसते."

क्लचताईचा हात नकळत हँडब्रेकवर गेला.

"तुमचे बदल वरच्या पायरीचे आहेत. हा कॅन्सर नाही. अहवालात कॅन्सर लिहिलेला नाही. पण असा अहवाल आलेल्या बायकांना आत तपासून बघितलं, तर निम्म्याहून जास्त जणींत खरोखर असे बदल सापडतात, की जे तसेच सोडले तर काहींचा पुढे कॅन्सर होतो. सगळ्यांचा नाही. आणि लगेच नाही, वर्षानुवर्षं लागतात. म्हणूनच आत्ता कळलंय हे चांगलं आहे. आत्ता एवढासा तुकडा काढून टाकला की पुष्कळदा प्रश्न मिटतो."

"आणि यातही पाणीच निघालं तर?"

"तर मी तुम्हाला तसं सांगेन आणि तुम्ही मला चार शब्द सुनावा. पण निम्म्याहून जास्त वेळा काहीतरी निघतं. मॅमोग्रामच्या वेळी मी दहात एक म्हटलं होतं, तेही फार तर. आज तो हिशोब सांगत नाहीये."

गॅरेजमधून हातोड्याचे ठोके येत होते. क्लचताईने काच वर केली.

"कशामुळे होतं हे?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "एक विषाणू असतो. नवराबायकोच्या संबंधांतून येतो. बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि कळतही नाही, अंग त्याला हाकलून देतं. काही जणींत तो दडून राहतो. वीस, तीस वर्षंही राहतो."

क्लचताई त्यांच्याकडे वळली. तिच्या कपाळावर एक आठी उमटली.

"मला ठाऊक आहे तुम्ही काय विचार करताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येक बाई तोच करते. पण यावरून तो कधी आला, कुणाकडून आला, ते कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही, प्रयोगशाळेलाही नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो. कुणावर बोट ठेवायला हा पुरावा होत नाही."

"त्याच्यावर काय बोट ठेवणार?" क्लचताई म्हणाली. "तो दुकानदाराने जास्त सुटे दिले तरी परत जाऊन देऊन येतो." असं म्हणून ती हसली, पण आठी लगेच गेली नाही. काही वेळाने तिने विचारलं, "त्याला सांगावं लागेल?"

"तुमचं शरीर आहे. सांगायलाच पाहिजे असं नाही. पण मागच्या वेळी त्यांनी कॅन्सर ऐकला, कारण आधी तुम्ही कॅन्सर ऐकला होतात. आणि ते आमचं चुकलं. या वेळी तुम्हाला नीट कळलंय. तुम्ही सांगाल तसं त्यांना ऐकू येईल."

उतरताना डॉक्टरीणबाईंचा पाय पेडलवर पडला. "क्लच," क्लचताई सवयीने म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला गच्चीवर नेलं. खाली बोललं असतं तर तो स्वयंपाकघरात पळाला असता आणि भांडी घासत बसला असता. गच्चीत कपडे वाळत होते. तिने एक चादर बाजूला सारली आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"आधी शेवट सांगते. मला कॅन्सर आहे असं कुणीही म्हटलेलं नाही. ऐकलंस? आता मागचं सांगते. मध्ये बोलायचं नाही."

ती सांगत गेली. कधी अडखळली. विषाणूचं सांगताना तिने चादरीकडे बघून सांगितलं. पायऱ्या असतात, आपली वरची पायरी आहे, पण कॅन्सर त्याही पलीकडे असतो, हे सांगताना तिने गच्चीच्या जिन्याच्या पायऱ्या दाखवल्या. नवरा मध्ये बोलला नाही. तिचं झाल्यावर त्याने विचारलं, "मागच्या वेळी दहात एक होतं. आता निम्म्याहून जास्त, असंच ना?"

"हो."

"आणि निघालं तर छोटा तुकडा काढतात."

"हो."

"दुखतं?"

"ते विचारायचं राहिलं."

तो चादरीची घडी घालू लागला. अर्धी ओलीच होती ती. मग म्हणाला, "माझ्या ताईला नाही कळवत."

"आत्ता नको."

"विषाणूचं..." तो अडखळला. "तुझ्या मनात काही..."

"आलं होतं. गेलं." तिने घडी त्याच्या हातातून घेऊन परत दोरीवर पसरली. "ओली चादर कुणी काढतं का?"

कोल्पोस्कोपी काही फार वेळ चालली नाही. डॉक्टरीणबाई मोठ्या भिंगातून बघत होत्या आणि करतील ते सांगत होत्या. आता व्हिनेगरसारखं औषध लावतेय, थोडी जळजळ होईल. जिथे पेशी बदलल्यात ती जागा पांढरी पडते. इथे पडलीये. आता चिमटीएवढा तुकडा घेते, खोकला काढा. क्लचताईने खोकला काढला. चिमटा बसला, पोटात कळ आली, आणि झालं. बाहेर नवरा खुर्चीच्या कडेला बसला होता. त्याने तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. "आधी शेवट सांगते," ती म्हणाली. "अहवाल यायचाय."

ते दिवस कठीण गेले. नवरा रोज एकदा विचारायचा, "निम्म्याहून जास्त म्हणजे किती गं?" आणि ती म्हणायची, "तेवढंच." शिकवणीत तिचा आवाज कमी झाला. एका शिकाऊ मुलीने विचारलंही, "ताई, मी इतकी छान चालवतेय का?"

अहवाल आला तेव्हा दोघं पुन्हा त्याच खोलीत बसली होती. या वेळी इशारा चुकीचा निघाला नाही. बदल खरे होते, तिसऱ्या दर्जाचे, म्हणजे कॅन्सरच्या आधीचे, पण पृष्ठभागावरच होते. आत शिरलेले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक वर्तुळ काढून दाखवलं. तोंडाशी एवढा भाग आहे, तो तारेच्या छोट्या वळ्याने काढायचा. भूल फक्त त्या जागेला. त्याच दिवशी घरी. मग काही आठवडे जड उचलायचं नाही, नवराबायकोनेही दूर राहायचं, थोडं रक्त दिसेल, जास्त आलं तर लगेच यायचं.

"आणि आम्ही आलो नसतो तर?" नवऱ्याने विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा शंभर बायका काहीच न करता बसल्या, तर तीसएक वर्षांत त्यातल्या तीसेक जणींना कॅन्सर होतो. बाकीच्यांना नाही. तुम्ही कुठल्या गटात होतात, ते आता कधीच कळणार नाही. त्यासाठीच काढायचं."

क्लचताई बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत होती. पहिल्या वेळी काही निघालं नव्हतं तरी सगळं घर रडलं होतं. या वेळी खरोखर निघालं होतं, आणि खोलीत कुणीही रडत नव्हतं. हे तिला फार विचित्र वाटलं. मग वाटलं, विचित्र कसलं? मागच्या वेळी सगळ्यांना भीती कळली होती, आणि या वेळी गोष्ट कळली होती.

तारेचं काम ठरल्याप्रमाणे झालं. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे मागे काही उरलं नव्हतं. त्यानंतरच तिने नणंदेला फोन केला. नणंद आधी ओरडली, मग रडली, आणि शेवटी म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"नक्की कळल्यावर सांग म्हणाली होतीस ना?"

"अगं, ते मी असंच म्हटलं होतं!"

"मला माहितीये." क्लचताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू कधी केलीस का गं ही तपासणी?"

 मग नणंदेने विषय बदलला, मुलाच्या नोकरीचं विचारलं. क्लचताईनेही ताणून धरलं नाही. पुढे दोनतीनदा तिने विषय काढला, आणि दर वेळी नणंद म्हणाली, "बघू." अजूनही ती बघतेच आहे.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला जायचं होतं. त्या सकाळी नवऱ्याने कुणाला न विचारता शर्ट इस्त्री केला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. पॅप झाला, विषाणूची तपासणी झाली. काही आठवड्यांनी सिस्टरचा फोन आला, आणि या वेळी तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं, "ताई, दोन्ही अहवाल चांगले आलेत. आता एक वर्षाने."

क्लचताईने फोन ठेवला. नवरा समोर बसून शेंगा सोलत होता. त्याचे हात थांबले होते.

"चांगले आलेत," ती म्हणाली.

"म्हणजे आता काही नाही ना? खरंच नाही ना?"

तिच्या तोंडावर "नाही" आलं होतं. मागच्या वर्षी असती तर ती तेच म्हणाली असती, आणि त्यालाही तेच हवं होतं. ती त्याच्या शेजारी बसली, परातीतली एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

"आज नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत विचारायचं."

त्याने त्यावर थोडा विचार केला. मग मान हलवली आणि पुढची शेंग घेतली.